काचेवरचे रंगचित्रण व वाळूचे अॅनिमेशन : लघुपटाचे नियोजन

कॅमेऱ्याखाली काच आडवी ठेवून तिच्यावर ओला रंग किंवा वाळू बोटांनी सरकवत जायचे, प्रत्येक बदलानंतर एक छायाचित्र घ्यायचे आणि ती छायाचित्रे सलग दाखवायची, असे हे तंत्र आहे. सेल अॅनिमेशनमध्ये प्रत्येक चित्र वेगळ्या पारदर्शक पत्र्यावर राहते, बिघडले तर तेवढेच परत काढता येते. इथे मात्र पुढचे चित्र काढायचे तर आधीचे पुसावेच लागते. नियोजनाचे सगळे प्रश्न या एका गोष्टीतून येतात. कॅनडात काम केलेल्या कॅरोलाइन लीफ यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस वाळूपासून सुरुवात केली आणि पुढे काचेवरचा रंगही हाताळला. रशियाचे अलेक्सांद्र पेत्रोव काचेवर तैलरंग बोटांनी रंगवतात. मुंबईत पेडर रोडवरच्या फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपट संस्थेचा कार्टून विभाग १९५६ चा, पण त्याची ओळख मुख्यतः सेलवरच्या कामाची होती. वाळू आणि काच हा इथे बहुधा एकट्याने, घरच्या खोलीत करायचा उद्योग आहे.

मांडणी साधी असते. खाली दिवा, त्यावर दुधी अॅक्रिलिकचा पत्रा, त्याच्या चार-पाच सेंटिमीटर वर साधी काच आणि थेट वर खाली तोंड केलेला कॅमेरा. दुधी पत्रा काचेला चिकटवून ठेवला तर त्यावरची धूळ आणि ओरखडे चित्रात उतरतात, म्हणून मधे अंतर ठेवायचे. दिवे मुंबईच्या लोहार चाळीतल्या बाजारात मिळतात, पण घेताना मोबाइलचा कॅमेरा समोर धरून पट्टे फिरताना दिसतात का ते पाहावे. स्वस्त एलईडी लखलखतात आणि पडद्यावर प्रकाश थरथरतो. प्रकाश खालून येत असल्याने वाळू कोणत्याही रंगाची असली तरी काळीच दिसते. शुभ्र रांगोळीसुद्धा या काचेवर काळी पडते, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला खरे वाटत नाही. थर जाड तिथे काळोख, विरळ तिथे करडा, बोट फिरवले तिथे उजेड.

रांगोळीची बारीक पूड मात्र या कामाला चांगली नाही. दमट हवेत ती बोटाला आणि काचेला चिकटते आणि पुसल्यावर धुरकट डाग ठेवते. चौपाटीवरची वाळू आणली तर तिच्यातले मीठ हवेतले पाणी ओढून घेते. गोड्या पाण्याने तीन-चारदा धुऊन, कढईत कोरडी होईपर्यंत परतून, गार करून चाळल्याशिवाय ती वापरू नये. पावसाळ्यात मुंबईची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. तेव्हा चांगली वाळूसुद्धा गोळे धरते, आणि रेषेची कड सरळ न राहता तुटक दिसू लागली की ती पुन्हा परतायची वेळ झाली असे समजावे. पंखा लावता येत नाही, हे वेगळे सांगायला नको. म्हणून जमल्यास डिसेंबर ते फेब्रुवारीत चित्रण आखावे.

रंगाचे गणित उलटे असते. जलरंगात ग्लिसरीन घातले की तो सुकत नाही, पण ग्लिसरीन स्वतः पाणी शोषते. जुलैत तो रंग पातळ होऊन ओघळतो. तैलरंगात लवंग तेलाचे दोन-तीन थेंब घातले तर तो जास्त दिवस ओला राहतो आणि हवेतल्या दमटपणाने त्याचे फारसे बिघडत नाही. पावसाळ्यातच काम करायचे असेल तर तैलरंग बरा.

आता एक उदाहरण. ४० सेकंदांची वाळूची फिल्म : चाळीच्या कठड्यावर कावळा बसलेला आहे, त्याचे पंख पसरत ढग होतात, पाऊस पडतो, सगळे काळे होते आणि काळोखातून छत्री उघडते. सेकंदाला २४ फ्रेम, एका प्रतिमेला दोन फ्रेम, म्हणजे सेकंदाला १२ प्रतिमा आणि एकूण ४८०. सुरुवातीचे २ आणि शेवटचे ३ सेकंद चित्र स्थिर आहे. तिथे एकच छायाचित्र ताणले तर चित्र मेल्यासारखे वाटते, कारण इतर वेळी वाळूचे कण सतत थोडे हलत असतात. म्हणून वाळूला हलकेच बोट लावत तीन-तीन छायाचित्रे घ्यायची आणि ती आलटून पालटून दाखवायची. मधला एक सेकंद पूर्ण काळा, त्याला एकच छायाचित्र पुरते. अशा रीतीने खरे काम ४१५ प्रतिमांचे उरते. प्रत्येकीला ५ मिनिटे धरली तर साधारण ३५ तास, रोज पाच तासांप्रमाणे सात दिवस.

वेळेपेक्षा महत्त्वाचा हिशेब वाळूचा, आणि नवखे लोक तोच करत नाहीत. काचेवर ४० बाय २२.५ सेंटिमीटरची चौकट आणि २ मिलिमीटरचा थर धरला तर पूर्ण काळ्या चौकटीला सुमारे १८० घन सेंटिमीटर, म्हणजे एक वाटी वाळू लागते. कावळ्याला जेमतेम एक मोठा चमचा, साधारण १६ घन सेंटिमीटर. वरचा एक तृतीयांश भाग व्यापणाऱ्या ढगाला ६०. कावळ्याचा ढग होताना ही ४४ घन सेंटिमीटर वाळू कुठून तरी यायला हवी. ती चौकटीबाहेर, वरच्या कडेला ढीग करून आधीच ठेवायची. बदल ३ सेकंदांत, ३६ प्रतिमांत व्हायचा असेल तर दर प्रतिमेला चहाच्या चमच्याचा पाव भाग आत ढकलायचा. हे आधी मोजले नाही तर ढग पहिल्या दहा प्रतिमांतच फुगतो आणि मग उरलेल्या सव्वीस प्रतिमांत करायला काही राहत नाही.

छत्रीचा भाग मात्र सोपा पडतो, कारण तिथे वाळू काढायची आहे. जुन्या व्हिजिटिंग कार्डाच्या कडेने ती बाजूला ओढत गेले की उजेड उघडतो आणि छत्री मागे उरते. घालण्यापेक्षा काढणे नेहमी जास्त नेमके होते, म्हणून शक्य तिथे दृश्याची दिशा काळोखाकडून उजेडाकडे ठेवावी. पावसाच्या रेषाही ढगाखाली विरळ थर पसरून दातकोरणीने कोरायच्या असतात.

मधला काळा सेकंद केवळ नाट्यासाठी घातलेला नाही. शिंक आली, बाही लागली, काच सरकली तर आधीचे चित्र हुबेहूब परत बांधता येत नाही. संगणकाच्या पडद्यावर आधीचे छायाचित्र फिके करून त्यावर नवे जुळवले तरी सांधा उडी मारतो. पूर्ण काळी चौकट मात्र कधीही, कुणालाही, तशीच्या तशी भरता येते. अपघात छत्रीच्या भागात झाला तर तिथून पुन्हा सुरू करायचे, कावळा सुरक्षित राहतो. वरच्या हिशेबात ती चौकट पाचव्या दिवशी येते. त्याआधीच्या चार रात्री काच उलट्या खोक्याने झाकून खोली बंद ठेवावी लागते. पहिली रात्र तरी कावळा कठड्यावर बसलेला असतानाच येईल अशी आखावी, कारण सकाळी थोडी उडी पडली तरी कावळा मान झटकतोच.

स्टोरीबोर्ड म्हणून सुटी चित्रे कमी पडतात. प्रत्येक बदलाची मधली अवस्था, म्हणजे अर्धा पंख अर्धा ढग, ट्रेसिंग कागदावर काचेच्या मापात काढून ठेवावी आणि काम करताना तो कागद काचेखाली सरकवावा. छायाचित्र घेण्याआधी तो काढायला विसरणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे. कॅमेऱ्यावर फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने बांधून टाकावे, आणि अंगात काळा शर्ट असावा. पांढरा सदरा काचेत दिसतो.