स्वतःचा व्हीपीएन की विकतचा? काम सांगण्याआधी हे वाचा

"व्हीपीएन बसवून द्या, पण आमचा स्वतःचा. त्या कंपन्यांचा काय भरवसा?" ही मागणी आता आमच्याकडे नेहमीची झाली आहे. काम आम्ही करतो, आनंदाने करतो. पण त्याआधी एक प्रश्न विचारतो आणि त्यावरून काही जण वैतागतात: तुम्हाला लपायचंय कोणापासून? "सगळ्यांपासून" या उत्तरावर काम सुरू केलं, तर महिन्याभरात तेच गिऱ्हाईक परत दारात उभं राहतं. म्हणून हे पत्रक.

व्हीपीएन म्हणजे तुमच्या फोनपासून एका सर्व्हरपर्यंतचा बंद बोगदा, एवढं तुम्हाला ठाऊक असेलच. तुम्ही कोणत्या साइटवर जाता हे मधल्या मंडळींना दिसत नाही. मधली मंडळी म्हणजे पीजीच्या मालकाचा राउटर, हॉटेलचं वायफाय, तुमची इंटरनेट कंपनी. पण बोगदा जिथे संपतो तिथून पुढे तुमची रहदारी उघड्यावरच जाते. त्या टोकाला जो बसलाय त्याला तुम्ही कुठे कुठे जाता ते कळू शकतं, आणि साइटला त्या टोकाचा आयपी पत्ता दिसतो. तेव्हा ठरवायचं ते एवढंच: पलीकडच्या टोकाला कोण बसलेलं चालेल, आणि जगाला कोणता पत्ता दिसलेला चालेल?

स्वतःचा सर्व्हर: एकट्याचा पत्ता

"स्वतःचा" म्हणजे बहुतेक वेळा भाड्याचा. एखाद्या क्लाउड कंपनीकडून व्हीपीएस, म्हणजे त्यांच्या डेटा सेंटरमधला भाड्याचा सर्व्हर, घ्यायचा. एक जीबी रॅमचा सगळ्यात लहान चालतो, महिन्याला साधारण पाच डॉलर पडतात. त्यावर वायरगार्ड हे व्हीपीएनचं सॉफ्टवेअर बसवायचं, फोनमध्ये क्यूआर कोड स्कॅन करायचा, झालं. वायरगार्ड हलकं आहे, २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, आणि फोनची बॅटरीही फारशी खात नाही.

मागे एका गृहस्थांनी असाच मुंबईतला सर्व्हर घ्यायला लावला. तक्रार एकच: जाहिराती पाठ सोडत नाहीत. एकदा चपला बघितल्या की आठवडाभर चपलाच. सर्व्हर झाला, नीट चालला, आणि तरी चपला येतच राहिल्या. ते ब्राउझरमध्ये गूगल खात्याने लॉगिन करून बसलेले, कुकीज जुन्याच. त्यामुळे पत्ता बदलला तरी माणूस तोच आहे हे समोरच्याला कळत होतं. हे बऱ्याच जणांना समजावून सांगितलं की पटतं.

न पटणारी गोष्ट पुढची आहे. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते अपुरे पडतात म्हणून आपल्याकडच्या कित्येक इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. म्हणजे या गृहस्थांचा पत्ता साइटला दिसायचा तेव्हा त्याच पत्त्यावर इतर अनेक घरंही दिसत होती. सर्व्हर घेतल्यावर काय झालं? एक कायमचा, न बदलणारा पत्ता, आणि तो वापरणारे जगात हे एकटेच. गर्दीत उभा असलेला माणूस पैसे भरून मोकळ्या मैदानात आला! शिवाय पत्ता डेटा सेंटरचा असल्यामुळे काही साइट ट्रॅफिक लाइट आणि झेब्रा क्रॉसिंगची चित्रं ओळखायला लावतात, आणि सिनेमे दाखवणारी काही ॲप्स तर सरळ दार लावतात.

आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत मात्र ही गर्दी नसते. तिथे प्रत्येक घराला वेगळा पत्त्यांचा गट मिळतो. म्हणून आम्ही बसवतो त्या जोडणीत ही ओळ असतेच:

```
AllowedIPs = 0.0.0.0/0, ::/0
```

स्वल्पविरामानंतरचा भाग आयपीव्ही६ साठी आहे. कुठून तरी उतरवलेल्या सेटिंगमध्ये तो नसतो, आणि मग व्हीपीएनची किल्ली स्टेटस बारवर दिमाखात दिसत असताना निम्मी रहदारी बोगद्याबाहेरून चाललेली असते. तपासायला सोपं आहे: व्हीपीएन चालू ठेवून आयपी दाखवणारी कोणतीही साइट उघडा. आयपीव्ही४ सर्व्हरचाच दिसला पाहिजे, आणि आयपीव्ही६ एक तर सर्व्हरचा दिसला पाहिजे किंवा दिसताच कामा नये. घरचा दिसला तर गळती आहे.

मग स्वतःचा सर्व्हर घ्यायचा कोणी? ज्यांना मधल्या मंडळींपासून लपायचंय त्यांनी. पीजीत राहणारी मुलगी, सतत लॉजवर उतरणारा एमआर, कॅफेत बसून क्लायंटचे हिशेब करणारा सीए. यांना वायफायवाल्याच्या नजरेतून सुटायचंय, जगासमोर निनावी व्हायचं नाही. त्यांच्यासाठी स्वतःचा सर्व्हर उत्तम आहे. वेग चांगला मिळतो, पत्ता कायमचा असल्याने ऑफिसच्या सर्व्हरवर फक्त तेवढ्याच पत्त्याला परवानगी देता येते, आणि मध्ये कोणा व्हीपीएन कंपनीचं ॲप नाही.

फक्त "आता कोणालाच कळत नाही" असं मनात आणू नका. व्हीपीएस देणाऱ्या कंपनीकडे तुमचं नाव आणि कार्ड आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश व्हीपीएन कंपन्यांइतकेच व्हीपीएस आणि क्लाउडवाल्यांनाही लागू आहेत. ग्राहकाचं पडताळलेलं नाव, पत्ता, फोन आणि दिलेले आयपी पत्ते त्यांनी किमान पाच वर्षं जपून ठेवायचे, सेवा बंद केल्यानंतरसुद्धा.

विकतचा व्हीपीएन: गर्दी मिळते, भरवसा ठेवावा लागतो

विकतच्या व्हीपीएनमध्ये एका पत्त्यामागे एका वेळी कितीतरी अनोळखी लोक असतात. साइटच्या नजरेतून सुटायचं असेल तर ही गर्दीच हवी, आणि ती आम्ही तुम्हाला बसवून देऊ शकत नाही. एवढं प्रांजळपणे सांगतो.

पण पलीकडच्या टोकाला आता ती कंपनी बसते. "आम्ही नोंदी ठेवत नाही" असं सगळ्याच लिहितात. २०१७ मध्ये प्युअरव्हीपीएनच्या नोंदींवरून एफबीआयने अमेरिकेतल्या एका आरोपीचा माग काढला, तेव्हा त्या कंपनीच्या साइटवर नोंदी ठेवत नसल्याचाच दावा होता. उलट उदाहरणही आहे. एप्रिल २०२३ मध्ये स्वीडनचे पोलीस मुलवाड या व्हीपीएन कंपनीच्या गॉथेनबर्गमधल्या कार्यालयात झडतीचं वॉरंट घेऊन गेले आणि हात हलवत परतले, कारण न्यायला ग्राहकांची माहितीच नव्हती. ही कंपनी ईमेलसुद्धा मागत नाही. खातं म्हणजे फक्त एक आकडा, दर महिना पाच युरो, आणि पाकिटातून रोख पाठवली तरी घेतात. आमचा त्यांच्याशी काही व्यवहार नाही, कमिशनही नाही. कंपनी निवडताना काय बघायचं ते कळावं म्हणून सांगितलं: दाव्याची कधी परीक्षा झाली आहे का, आणि मुळात ते तुमच्याकडून घेतात किती?

वर सांगितलेल्या निर्देशांनंतर नॉर्ड, एक्सप्रेस, सर्फशार्क, प्रोटॉन अशा मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्येच भारतातले सर्व्हर काढून घेतले. ॲपमध्ये "इंडिया" दिसतं ते बहुधा दुसऱ्या देशात ठेवलेलं यंत्र असतं, पत्ता तेवढा भारताचा. त्यामुळे वेग कमी वाटला तर फोनला दोष देऊ नका.

फुकटचे व्हीपीएन घेऊन आलात तर आम्ही आधी ते काढून टाकायला सांगतो. सर्व्हरचं भाडं कुणीतरी भरतंच. तुम्ही भरत नसाल तर ते कशातून निघतं, याचा विचार करा. आणि पहिल्याच दिवशी दोन वर्षांची सवलतीची योजना घेऊ नका. महिनाभर वापरा, तुमची बँक आणि तुमची ॲप्स चालतात का बघा, मग ठरवा.

घरी सर्व्हर बसवायचाय? आधी फोटो पाठवा

आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. "जुना पीसी पडून आहे, त्यावर व्हीपीएन टाका, भाडं वाचेल." आमचा मुलगा येतो, वायरगार्ड चढवतो, राउटरवर यूडीपी पोर्ट ५१८२० उघडतो. घरातल्या वायफायवर सगळं छान. बाहेर मोबाइल डेटावर गेलं की ॲप "चालू" म्हणतं, पण एकही पान उघडत नाही. ॲपमध्ये बोगद्याच्या नावावर टिचकी मारून बघा. नीट जुळलं असेल तर अशी ओळ दिसते:

```
Latest handshake: 1 minute, 12 seconds ago
```

ही ओळच नसेल तर फोन घरापर्यंत पोहोचलेलाच नाही. कारण पुन्हा तेच, सीजीनॅट. तुमच्या राउटरला सार्वजनिक पत्ताच मिळालेला नाही, तेव्हा बाहेरून कोणी दार ठोठावलं तर ते कंपनीच्या यंत्रापाशीच अडतं. तुमच्या राउटरवर कितीही पोर्ट उघडा, उपयोग शून्य.

हे तपासायला आम्ही घरी यायची गरज नाही. राउटरच्या पानावर जा (बहुधा 192.168.1.1), स्टेटसमध्ये WAN IP, म्हणजे राउटरला इंटरनेट कंपनीकडून मिळालेला पत्ता, बघा. मग व्हीपीएन बंद ठेवून आयपी दाखवणाऱ्या साइटवर तुमचा आयपीव्ही४ पत्ता बघा. दोन्ही सारखे असतील तर मार्ग मोकळा. वेगळे असतील, किंवा WAN IP 10. ने किंवा 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. मग इंटरनेट कंपनीकडून जादा पैसे देऊन स्टॅटिक आयपी घ्यायचा, नाहीतर व्हीपीएसकडे वळायचं.

आणि फोन घरापर्यंत पोहोचला तरी घरचा सर्व्हर तुम्हाला साइटपासून किंवा तुमच्या इंटरनेट कंपनीपासून लपवत नाही, कारण रहदारी तुमच्याच घरच्या जोडणीतून, तुमच्याच पत्त्याने बाहेर पडते. परगावाहून घरचा कॅमेरा बघणं, घरच्या डिस्कवरची कागदपत्रं काढणं, स्टेशनच्या वायफायवरून बँकेचं काम करणं, यासाठी तो झकास. गोपनीयतेसाठी नाही.

आमची पद्धत

WAN IP चा फोटो आल्याशिवाय आम्ही घरी येत नाही. यावरून नाराजी होते, पण काम होणारच नाही हे पाहण्यासाठी तुमच्याकडून व्हिजिट चार्ज घेणं आम्हाला बरं वाटत नाही.

व्हीपीएसचं खातं तुमच्याच नावावर, तुमच्याच कार्डावर उघडून देतो. काम संपल्यावर आमचा प्रवेश तुमच्यासमोर काढतो आणि पासवर्ड लॉगिन बंद करून फक्त कीने लॉगिन ठेवतो, कारण नवा सर्व्हर चालू झाल्या झाल्या जगभरातले बॉट त्याचे पासवर्ड चाचपायला लागतात. अपडेट आपोआप होतील अशी सोयही करतो. वर्षातून एकदा तपासणी हवी असेल तर वार्षिक करार आहे, सक्ती नाही.

प्रत्येक फोनला आणि लॅपटॉपला वेगळा क्यूआर कोड देतो. एकच कोड घरातल्या दोघांनी स्कॅन करू नये. सर्व्हर कोडमधल्या एका किल्लीला एकच पत्ता धरून असतो, शेवटी जो बोलला त्याला उत्तर जातं, आणि दोघांचंही नेट आळीपाळीने तुटत राहतं. नवा फोन घेतलात तर नवा कोड मागा. पहिल्या वर्षात त्याचे पैसे घेत नाही.

विकतचा व्हीपीएन घ्यायचं ठरलं असेल तर आमच्याकडे यायची खरं तर गरज नाही. ॲप बसवून गळती तपासून हवी असेल तर फोन घेऊन दुकानात या, दहा मिनिटांचं काम आहे. घरच्या सर्व्हरसाठी मात्र राउटरच्या स्टेटस पानाचा फोटो आधी व्हॉट्सॲपवर पाठवा. WAN IP ची ओळ स्पष्ट दिसली पाहिजे, आणि त्या पानावर पासवर्ड दिसत असेल तर तो झाकून पाठवा.