सबटायटल आणि क्लोज्ड कॅप्शन : एकाच दृश्याच्या दोन फायली

पडद्याच्या तळाशी दोन ओळी दिसल्या की आपण सरसकट त्यांना सबटायटल म्हणतो. सबटायटल ज्याच्यासाठी लिहितात त्याला आवाज ऐकू येतो, फक्त भाषा कळत नाही, असं गृहीत धरलेलं असतं. क्लोज्ड कॅप्शन ज्याच्यासाठी लिहितात त्याला भाषा येते, पण आवाज पोचत नाही किंवा अर्धवट पोचतो. ‘क्लोज्ड’ या शब्दाने हा फरक कळत नाही. त्याचा अर्थ एवढाच की ओळी चित्रावर कायमच्या छापलेल्या नाहीत, बघणाऱ्याला त्या बंद करता येतात. तसं सबटायटलही बंद करता येतं.

फरक कळतो तो फाईल उघडल्यावर. एक साधं दृश्य घेऊ. आजी ओट्याशी पाठमोरी उभी राहून भाजी चिरते आहे. बाहेर मोटारसायकल थांबते. ती वळून न बघता म्हणते, “आला वाटतं.” दारावर टकटक होते, आजी दाराकडे जाते आणि बाहेरून कुणीतरी विचारतं, “वसंतराव आहेत का घरी?” आजी जागीच थबकते.

सबटायटलच्या फाईलमध्ये या दृश्याची दोनच वाक्यं असतात. कर्णबधिर प्रेक्षकाला पाठमोऱ्या आजीचे ओठ दिसत नाहीत, म्हणून “आला वाटतं” कोण म्हणालं हे त्याला कळत नाही. कोण आला आणि तिला ते कसं कळलं, हेही नाही. दुसरं वाक्य तर आजीनेच दाराबाहेर कुणाला तरी विचारलं असंही वाटू शकतं. शब्द एकही चुकलेला नाही, तरी गोष्ट हातातून निसटली.

कॅप्शनची फाईल अशी:

```
WEBVTT

00:12:04.200 --> 00:12:06.200
[बाहेर मोटारसायकल थांबते]

00:12:06.600 --> 00:12:08.000
[आजी] आला वाटतं.

00:12:10.000 --> 00:12:11.500
[दारावर टकटक]

00:12:13.000 --> 00:12:15.500
[दाराबाहेरून पुरुष]
वसंतराव आहेत का घरी?
```

चौथ्या नोंदीत नाव नाही. पटकथेत त्या माणसाचं नाव असेल आणि लिहिणाऱ्याला ते ठाऊकही असेल. पण ऐकणाऱ्या प्रेक्षकाला या क्षणी फक्त एका पुरुषाचा आवाज कळतो, तेव्हा वाचणाऱ्यालाही तेवढंच कळायला हवं. नाव आधीच लिहिलं तर दार उघडण्यातली सगळी उत्कंठा जाते. माझ्या मते कॅप्शन लिहिताना होणारी ही सर्वांत वाईट चूक आहे, कारण ऐकणाऱ्याच्या ती लक्षातच येत नाही. वेळेचंही तसंच. टकटकीची ओळ आवाजाच्या आधी उमटली, तर प्रेक्षकाला आजीच्या आधी पाहुणा कळतो.

मराठीत एक जास्तीची अडचण आहे. आपली क्रियापदं लिंग सांगतात. रहस्यपटात दाराआडून “मी आलोय” असा घोगरा, बाईचा की पुरुषाचा न कळणारा आवाज आला, तर “आलोय” हा शब्दच थोडं सांगून जातो. पण तो संवादातच असल्यामुळे ऐकणाऱ्यालाही कळतो, म्हणून तो बदलायचा नाही. आपली खूण मात्र [दाराआडून घोगरा आवाज] एवढ्यावर थांबवायची.

बोलणारा पडद्यावर समोर असेल आणि ओठ हलताना दिसत असतील, तर नाव लिहायची गरज नाही. आवाजांचंही तेच. दार आपटताना दिसतंय तिथे [दार आपटतं] लिहिलं की प्रेक्षकाची नजर चेहऱ्यांवरून उगाच खाली येते. कुकरची शिट्टी दृश्यभर वाजत असेल तर प्रत्येक शिट्टी लिहू नये. पण शिट्टी होऊन आजी दचकली, तर ती एक शिट्टी लिहायलाच हवी, नाहीतर ती कशाने दचकली हा प्रश्न उरतो. चालू असलेला मिक्सर अचानक बंद पडून शांतता झाली आणि सगळे एकमेकांकडे बघू लागले, तर [मिक्सर बंद होतो] हीसुद्धा आवाजाचीच नोंद आहे.

शब्द निवडताना आवाजाचं मूळ सांगावं. टकटक, खुडबुड, कुजबुज असे नादशब्द मराठीत भरपूर आहेत आणि ते वापरायचा मोह होतो. पण जन्मापासून ऐकू न आलेल्या माणसाला नुसतं [खुडबुड] कितपत पोचेल? [माळ्यावर उंदरांची खुडबुड] म्हटलं की जागा आणि कारण दोन्ही मिळतात. [भीतीदायक संगीत] यात प्रेक्षकाने काय वाटून घ्यावं हे आपणच ठरवून टाकतो. त्यापेक्षा [संथ ढोल, हळूहळू जवळ येतो] लिहिलं की भीती त्याची त्याला वाटते.

संवादांची काटछाट हाही दोन्हींतला फरक आहे. अनुवादाचं सबटायटल वाचायला वेळ मिळावा म्हणून वाक्य आखडतं, आणि ते चालतं. कॅप्शन त्याच भाषेत असतं आणि कमी ऐकू येणारा प्रेक्षक श्रवणयंत्रातून येणारे शब्द, ओठांची हालचाल आणि ओळ हे तिन्ही एकत्र जुळवत असतो. पात्र म्हणालं “अगं, थांब जरा, येतेच मी” आणि खाली आलं “थांब, येते”, तर तो अडखळतो. म्हणून शक्य तिथे शब्द तसेच ठेवावेत.

वेबपानावर व्हिडिओ चढवताना हा फरक संगणकालाही सांगावा लागतो. `track` या खुणेत `kind="subtitles"` आणि `kind="captions"` असे वेगळे पर्याय आहेत, आणि `kind` लिहिलंच नाही तर ब्राउझर ती फाईल सबटायटल समजतो. वरची आजीची फाईल अशी `kind` शिवाय चढवली, तर मोटारसायकल आणि टकटक लिहिलेली असूनही यादीत ती साध्या सबटायटलसारखी दिसेल, आणि कॅप्शन शोधणारा प्रेक्षक ती नसल्याचं समजून पुढे जाईल.