सहलीची वाट लावली ती पावसानं

जुलैतली माळशेजची सहल. घाटात दरड कोसळली, बस चार तास अडकली, डबे भिजले आणि सगळे धबधबा न बघताच परतले. दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं तर दोन तऱ्हांनी उत्तर देता येतं. एक: 'पावसानं सहलीची वाट लावली.' दुसरी: 'सहलीची वाट लावली ती पावसानं.' दोन्ही वाक्यांतली घटना तीच आहे, फरक आहे तो दुसऱ्या वाक्यातल्या छोट्याशा 'ती'मुळे. मला हे 'ती' मराठीतल्या सर्वांत चतुर शब्दांपैकी एक वाटतं.

इंग्रजीत हेच काम 'इट वॉज द रेन दॅट रुइन्ड द ट्रिप' असं वाक्य करतं. अशा वाक्याला क्लेफ्ट सेंटेन्स म्हणतात. क्लेफ्ट म्हणजे चिरलेलं. हे नाव रूढ झालं ते डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांच्यामुळे. एक सरळ वाक्य घ्यायचं, त्याची दोन शकलं करायची, एक घटक सुटा काढून उजेडात ठेवायचा आणि उरलेलं वाक्य मागे सोडायचं. त्यातला 'इट' कशाकडेच बोट दाखवत नाही. 'इट म्हणजे काय?' या प्रश्नाला इथे उत्तरच नाही, आणि क्लेफ्ट ओळखायची तीच खूण आहे. 'इट वॉज द डॉग दॅट बिट द चाइल्ड' हे वाक्य 'अंगणात काय हललं?' या प्रश्नाचं उत्तर असेल, तर 'इट' म्हणजे ते हललेलं काहीतरी, आणि वाक्य चिरलेलं नाही. 'मुलाला कोण चावलं?' याचं उत्तर असेल, तर मात्र ते चिरलेलं आहे. शब्द हुबेहूब तेच, पण रचना वेगळी.

आता मागे राहिलेल्या शकलाचं काय होतं ते पाहू. 'पावसानं सहलीची वाट लावली नाही' असं म्हटलं, तर सहल कदाचित छान झाली असेल. पण 'सहलीची वाट लावली ती पावसानं नाही' असं म्हटलं, तर सहल बिघडली हे जागचं हलत नाही. फक्त आरोपी बदलतो. वाक्याचा प्रश्न करून बघा: 'सहलीची वाट लावली ती पावसानं का?' उत्तर हो असो की नाही, सहल गेली ती गेलीच. वाक्य नाकारलं किंवा प्रश्नात घातलं तरी जे टिकतं, त्याला भाषाशास्त्रात गृहीत म्हणतात. म्हणूनच 'कपाटातले पैसे घेतले ते तू का?' या प्रश्नाला नुसतं 'नाही' म्हणणारा माणूस पैसे गेल्याचं कबूल करून बसतो. त्याला आधी 'पैसे गेलेतच कुठे?' असं म्हणून गृहीतच मोडावं लागतं.

मराठी हे करते कसं, तेही बघण्यासारखं आहे. 'सहलीची वाट लावली ती पावसानं', 'सहलीचा विचका केला तो पावसानं', 'सहलीचं वाटोळं केलं ते पावसानं'. पाऊस तिन्ही वाक्यांत पुल्लिंगीच आहे, तरी सर्वनाम ती, तो, ते असं बदलत गेलं. कारण त्याचं नातं पावसाशी नाहीच. ते क्रियापदाचं लिंगवचन उचलतं, आणि क्रियापद इथे वाट, विचका, वाटोळं यांच्यामागे चाललं आहे. 'मी आले ती तुला भेटायला', 'पोरं पळाली ती थेट नदीवर', 'रमाला बोलावलं ते मीनानं' या सगळ्यांत हेच घडतं. लहान मूलही यात चुकत नाही, आणि हा नियम त्याला कुणी शिकवलेला नसतो.

अनुवादात मात्र हमखास घोटाळा होतो. 'तो पाऊस होता ज्यानं सहल बिघडवली' असं वाक्य तुम्ही सबटायटलमध्ये वाचलं असेल. त्यातल्या 'ज्यानं'मुळे पावसाचं वर्णन होतं, जणू बरेच पाऊस होते आणि त्यांतला एक निवडायचा होता. उजेड पडायचा होता तो 'कुणी' या प्रश्नावर, आणि तो पडतच नाही.

इंग्रजीला ही रचना इतकी का लागते? तिथे शब्दांचा क्रम ताठ आहे. बोलताना 'रेन'वर आवाज चढवता येतो, पण कागदावर आवाज उमटत नाही. मराठीकडे आणखी सोयी आहेत: 'सहलीची वाट पावसानं लावली' असा शब्द क्रियापदाजवळ सरकवता येतो, किंवा 'पावसानंच' म्हणता येतं. पण 'च' आणि चिरलेलं वाक्य यांचं काम एकच नाही. 'फक्त' आणि चिरलेलं वाक्य यांचंही नाही. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लॉरेन्स हॉर्न यांनी १९८१ मध्ये यासाठी एक सुंदर कसोटी मांडली. ती आपल्या उदाहरणाला लावू. 'पावसानं वाट लावली हे माहीत होतं, पण फक्त पावसानं लावली हे आत्ता कळलं.' हे वाक्य ठीक वाटतं. आता म्हणा: 'पावसानं वाट लावली हे माहीत होतं, पण वाट लावली ती पावसानं हे आत्ता कळलं.' हे अडखळतं, कारण नवं काही कळलेलंच नाही. 'दुसरं कुणी नाही' हा अर्थ आपल्याला चिरलेल्या वाक्यातून जाणवतो, पण 'फक्त' जसं ते ठासून सांगतं तसं हे वाक्य सांगत नाही. तरीही 'वाट लावली ती पावसानंसुद्धा' हे कानाला खटकतंच. या जाणिवेचं मूळ नेमकं कुठे, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे.

मागचा भाग गृहीत असतो, म्हणजे तो ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक हवा का? भाषाशास्त्रज्ञ एलेन प्रिन्स यांनी १९७८ मध्ये प्रत्यक्ष वापरातली वाक्यं तपासली, तेव्हा तसं दिसलं नाही. त्यांच्या एका उदाहरणाचा आशय असा: हेन्री फोर्डनं आपल्याला शनिवार-रविवारची सुट्टी दिली ती सुमारे ५० वर्षांपूर्वी. अनेक वाचकांना ही बातमीच होती. पण लिहिलंय अशा थाटात, की जगाला हे माहीत आहे आणि तुम्हाला आत्ता कळतंय. असं वाचणारा सहसा अडत नाही, मान डोलावून पुढे जातो.

तो का अडत नाही, याचा धागा एका जुन्या प्रयोगात सापडतो. 'मोझेसनं आपल्या तारवात प्रत्येक जातीचे किती प्राणी नेले?' असं विचारलं, की बायबल ठाऊक असलेलेही बरेच लोक 'दोन' म्हणतात. तारू मोझेसचं नव्हतं, नोआचं होतं, हे त्यांच्या लक्षातच येत नाही. ब्रेदार आणि मोदोलो या मानसशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये हीच चूक चिरलेल्या वाक्यांत घालून पाहिली. एका वाक्याची धाटणी 'तारवात प्रत्येक जातीचे दोन प्राणी नेले ते मोझेसनं' अशी, दुसऱ्याची 'मोझेसनं तारवात नेले ते प्रत्येक जातीचे दोन प्राणी' अशी. मोझेस उजेडात असताना लोकांनी चूक जास्त वेळा पकडली. तो मागच्या शकलात असताना ती निसटली.

हे घरी करून बघता येतं. एकाला विचारा: 'संजीवनीसाठी अंगदानं उचलून आणला तो द्रोणागिरी पर्वत, बरोबर?' दुसऱ्याला विचारा: 'संजीवनीसाठी द्रोणागिरी उचलून आणला तो अंगदानं, बरोबर?' मग दोघांपैकी 'अहो, तो तर हनुमान!' असं आधी कोण म्हणतं, ते ऐका.