घाट उतरताना डायक्स्ट्रा का गंडतो

इलेक्ट्रिक गाडी घाट उतरताना ब्रेक लावला की बॅटरी थोडी परत भरते, म्हणजे त्या रस्त्याचा खर्च चक्क मायनसमध्ये जातो. आता कमीत कमी बॅटरीत पोचायचा रस्ता शोधायला डायक्स्ट्राचा अल्गोरिदम वापरला तर तो गंडतो, कारण एखाद्या ठिकाणाचा खर्च एकदा पक्का केला की तो परत त्याच्याकडे बघतच नाही.

समजा (आकडे माझ्या मनचे) पायथा ते गाव 2 युनिट, पायथा ते खिंड 5, खिंड ते गाव उतार म्हणून −4, आणि गाव ते धरण 3. डायक्स्ट्रा गावाला 2 देऊन मोकळा होतो. पण खिंडीवरून गेलं तर 5 − 4 म्हणजे 1 मध्येच काम होतं!

बेलमन-फोर्ड (1950 च्या दशकातला, आणि शिंबेलनेही 1955 मध्ये हेच सांगितलेलं) कुठलाच आकडा पक्का मानत नाही. पायथ्याला 0, बाकी सगळ्यांना अनंत, आणि मग u पासून v कडे जाणाऱ्या, w खर्चाच्या प्रत्येक रस्त्याला एकच प्रश्न; d म्हणजे त्या ठिकाणाचा आतापर्यंतचा कमीत कमी खर्च आणि p म्हणजे वाटेत त्याच्या लगेच आधीचं ठिकाण:

```
if d[u] + w < d[v]:
    d[v] = d[u] + w
    p[v] = u
```

यालाच रिलॅक्स करणं म्हणतात. सगळ्या रस्त्यांना एकदा विचारून झालं की एक फेरी. मुद्दाम वाईट क्रम घेऊ: गाव-धरण, खिंड-गाव, पायथा-खिंड, पायथा-गाव. पहिल्या फेरीत फक्त खिंड 5 आणि गाव 2 होतं. दुसरीत धरण 5, आणि मग गाव 1. तिसरीत धरण 4, झालं. ठिकाणं 4 असतील तर एकही ठिकाण परत न घेणाऱ्या वाटेत जास्तीत जास्त 3 रस्ते असतात आणि दर फेरीत बरोबर आकडा निदान एक रस्ता तरी पुढे सरकतो, म्हणून 3 फेऱ्या पुरतातच, क्रम कसाही असो.

खरी मजा चौथ्या फेरीत आहे. आता काहीच बदलायला नको, तरी बदललं तर कुठेतरी निगेटिव्ह सायकल आहे. समजा गाव ते खिंड चढाचा रस्ताही डेटात आहे आणि कोणीतरी 5 च्या जागी 3 टाकलं, तर खिंड-गाव-खिंड चक्कर −1 ची होते. नुसतं गोल फिरत राहा आणि बॅटरी भरत राहा! असं खऱ्या गाडीत होणं शक्य नाही, त्यामुळे इथे ही सायकल म्हणजे सरळसरळ डेटातली चूक.

ती पकडायची कशी? चौथ्या फेरीत धरणाचा आकडा 4 वरून 3 होतो, पण धरण स्वतः सायकलमध्ये नाहीये, ते फक्त तिच्या पुढे आहे. म्हणून `p` धरून 4 पावलं मागे जायचं: गाव, खिंड, गाव, खिंड. आता आपण नक्की सायकलच्या आत आहोत, तिथून परत तेच ठिकाण येईपर्यंत मागे चालायचं की चुकीचा रस्ता त्यातच सापडतो.

एक खोड मात्र आहे, पायथ्यापासून जिथे पोचताच येत नाही तिथली सायकल यात दिसत नाही. सगळा नकाशा तपासायचा असेल तर सुरुवातीलाच सगळ्यांना 0 द्या. आणि अनंताच्या जागी 1000000000 असा आकडा ठेवत असाल तर `d[u]` अजून अनंतच असताना तो रस्ता सोडून द्या, नाहीतर त्यातून 4 वजा होऊन न पोचलेलं ठिकाणही पोचल्यासारखं दिसतं.