पाणी टाकलं की भांडं तुंबून वर येतं? भांडं फोडण्याआधी चेंबर उघडून पाहा

भारतीय बैठकीच्या संडासात पाणी ओतलं की ते खाली जायच्या ऐवजी वर चढतं, काठापर्यंत येतं, कधी लादीवर सांडतं. अशा वेळी आम्हाला येणाऱ्या फोनवर पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: "भांडं बदलावं लागेल का?" चांगली भांडी विनाकारण फोडलेली आम्ही बरीच पाहिली आहेत. नवीन भांडं बसतं, नवीन लादी बसते आणि तीन महिन्यांनी पाणी पुन्हा वर येतं, कारण दोष भांड्यात नसून पुढच्या पाइपात होता. तो कुठे आहे हे घरच्या घरी बऱ्यापैकी कळू शकतं, म्हणून हे पत्रक.

भांड्याच्या खाली वाकडा भाग असतो, तो ट्रॅप. त्यात साधारण दोन इंच पाणी कायम साठून राहतं आणि त्यामुळे पाइपातला वास घरात येत नाही. ट्रॅपमधून चार इंची पाइप निघतो आणि बाहेरच्या चेंबरला मिळतो. चेंबरमधून पुढे सेप्टिक टाकी किंवा गटार. अडथळा या तीन ठिकाणांपैकी कुठे आहे, एवढंच शोधायचं असतं.

सुरुवात चेंबरपासून करा. झाकण उघडल्यावर लगेच वाकून पाहू नका. थोडा वेळ वाफ जाऊ द्या, जवळ काडी पेटवू नका, लहान मुलांना लांब ठेवा. चेंबर काठोकाठ भरलेलं असेल तर संडास सोडून द्या, अडथळा पुढे आहे: टाकी भरली आहे किंवा पुढचा पाइप तुंबला आहे. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलं की शोषखड्डा पाणी घेत नाही, तेव्हाही असंच होतं. चेंबर कोरडं आणि संडास तुंबलेला असेल, तर अडथळा भांडं आणि चेंबर यांच्या मध्ये आहे.

आता तो ट्रॅपमध्ये आहे की पाइपात? त्यासाठी पाण्याचं माप घ्या. चार इंची पाइपाच्या एका मीटरमध्ये सुमारे ८ लिटर पाणी मावतं. रात्रभर संडास न वापरता सकाळी भांड्यातलं पाणी उतरलेलं असताना हळूहळू पाणी ओता. पहिल्या दोन-तीन मगांतच पाणी वर आलं तर ट्रॅप तुंबलेला आहे असं धरायला हरकत नाही. एक बादली गुपचूप खाली गेली आणि दुसऱ्या बादलीला पाणी वर आलं, तर अडथळा पुढे दोन-तीन मीटरवर आहे. पाइप आधीच पूर्ण भरून उभा असेल तर मात्र ही खूण फसते. म्हणून पाणी उतरलं नसेल तर ही चाचणी करू नका.

ट्रॅपमध्ये बहुतेक वेळा कापडाचा बोळा, सॅनिटरी पॅड, साबणाचा तुकडा, गुटख्याची पाकिटं किंवा टूथब्रश सापडतो. काठीला जाड चिंधी घट्ट बांधून भांड्याच्या तोंडाशी दहा-पंधरा वेळा खालीवर ओढाढकल करा. दाबापेक्षा ओढ जास्त कामाला येते. उकळतं पाणी ओतू नका, भांड्याला तडा जातो. ॲसिडही ओतू नका. कापड-प्लास्टिक त्याने विरघळत नाही, पण नंतर काठी घालणाऱ्याच्या अंगावर तेच पाणी उडतं, आणि आधी ब्लीच टाकलं असेल तर विषारी वायू तयार होतो. टाकलं असेलच, तर आमचा माणूस येण्याआधी त्याला सांगा.

घर नवीन असेल आणि पहिल्या दिवसापासूनच पाणी हळू जात असेल, तर ट्रॅपमध्ये गवंड्याच्या हातून पडलेला सिमेंटचा गोळा असण्याची शक्यता आहे. तुंबलेला पाइप मोकळा करायला आत घालतात त्या लांब स्प्रिंगने तो निघत नाही. तिथे भांडं काढावंच लागतं.

आता मुख्य गोष्ट. स्प्रिंग घातली की मोकळं होतं, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तिथेच तुंबतं, असं होत असेल तर ढाळ तपासा. चार इंची पाइपाला दर ४० फुटांना १ फूट, म्हणजे दर १० फुटांना ३ इंच ढाळ असला की मैला पाण्याबरोबर वाहत जातो. ढाळ कमी पडला की पाणी निघून जातं आणि मैला पाइपाच्या तळाला बसतो. मध्येच पाइप खचून खोलगट झाला असेल तर तिथे पाणी कायम साचून राहतं, आणि साचलेल्या पाण्यात येईल ते गाळासारखं बसत जातं.

खूण सोपी आहे. एकजण आत बादली ओतेल आणि दुसरा चेंबरपाशी उभा राहील. ढाळ बरोबर असेल तर पाणी एका लोंढ्यात येतं आणि थांबतं. खोलगट भागाचं पाणी रेंगाळत येतं, बारीक धार बराच वेळ चालू राहते. पाइपाच्या तोंडातून बॅटरी मारली की आत साचलेलं पाणी चमकताना दिसतं.

एका घराचं उदाहरण सांगतो. तळमजल्याचा संडास, चेंबर २० फुटांवर. वर्षात तीनदा आम्हीच स्प्रिंग घातली होती, आणि तिसऱ्यांदा तिथेच अडकल्यावर लेव्हल ट्यूब घेऊन मोजायला बसलो. खरं तर दुसऱ्या वेळीच मोजायला हवं होतं. वीस फुटांना ६ इंच ढाळ हवा होता. भांड्याकडचं टोक आणि चेंबरकडचं टोक यांत फरक निघाला फक्त दीड इंच. शिवाय मधल्या जोडापाशी पाइप बसला होता. जोत्याच्या आतला भराव नीट ठोकून, पाणी मारून बसवलेला नव्हता. एक-दोन पावसाळ्यांत माती दबली आणि जोड खाली गेला.

पाइप नुसता पुन्हा टाकून भागलं नसतं. चेंबरकडचं टोक खाली घेता येत नव्हतं, कारण सेप्टिक टाकीचं तोंड तेवढ्याच उंचीवर होतं. मग उरलेले साडेचार इंच भांड्याकडे मिळवले: बैठक तेवढी वर घेतली, आत एक पायरी झाली. खोदलेल्या चरात भराव थरांनी ठोकला, त्यावर पाइपाला सलग आधार दिला, आणि भांड्याजवळ काटकोनी बेंडऐवजी ४५ अंशांचे दोन बेंड लावले. त्यातला एक झाकणाचा, म्हणजे पुन्हा कधी गरज पडली तर भांडं न हलवता तिथून स्प्रिंग घालता येते. घरातल्या आजींना पायरी नको होती. त्यांच्यासाठी भिंतीला धरायला दांडा बसवला.

कधीकधी ढाळ ठीक असतो आणि पाणीच कमी पडतं. गावाकडच्या तीव्र उताराच्या भांड्याला पाऊण इंची पाण्याचा ट्रॅप असतो, त्याला दीड-दोन लिटर पुरतं. दोन इंची ट्रॅपच्या शहरी भांड्याला तेवढं पुरत नाही. फ्लशची टाकी बिघडून महिनोन्‌महिने दोन मगांवर काम चालू असेल, तर आधी टाकी दुरुस्त करा आणि तोवर अर्धी बादली एकदम ओता.

फोन करताना चार गोष्टी सांगितल्या तर आम्ही बरोबर सामान घेऊन येऊ: चेंबर भरलेलं आहे की कोरडं, किती पाण्यानंतर वर येतं, याआधी कधी तुंबलं होतं, आणि चेंबर भांड्यापासून किती लांब आहे. वरच्या मजल्याचा पाइप खालच्या घराच्या छताखालून जात असेल तर खालच्या कुटुंबाला आधी कळवून ठेवा, काम तिथूनच करावं लागेल. सेप्टिक टाकीत आम्ही माणूस उतरवत नाही. टाकी उपसण्यासाठी पंपाची गाडीच बोलवावी लागते, आणि तिचा खर्च वेगळा असतो.