पार्श्वभूमी: खरेदी कमिटीला सॉफ्टवेअर विकताना ‘नवी कॅटेगरी’ की ‘जुनी कॅटेगरी’ हा वाद आला कुठून

पोझिशनिंग म्हणजे ग्राहकाच्या मनात आपला माल कुठल्या खान्यात बसावा ते ठरवणं, आणि ओळखीच्या कॅटेगरीत बसायचं की स्वतःची नवी काढायची हा वाद त्यातलाच. पण एक गोष्ट फारशी बोलली जात नाही, ती म्हणजे ही कल्पना साबण-शाम्पूच्या जाहिरातींतून आलेली नाही. १९६९ साली ती गाजायला लागली ती कंपन्यांनी कंपन्यांना माल विकायच्या धंद्यावरच्या एका मासिकातल्या लेखातून, आणि त्यातलं मोठं उदाहरण कॉम्प्युटरचं होतं. मुद्दा असा होता की बाजारात जी कंपनी एक नंबरला बसलीय तिच्याशी तिच्याच मैदानात समोरासमोर भिडून दुसरी कंपनी जिंकत नाही, मग ती दुसऱ्या धंद्यात कितीही मोठी असो. पुढे १९७० मध्ये अशाच एका बड्या कंपनीने आपला कॉम्प्युटरचा धंदा विकून टाकला, १९७१ मध्ये दुसरीने गाशा गुंडाळला, आणि लेख लिहिणाऱ्याचं म्हणणं लोकांना पटलं.

योगायोग म्हणजे त्याच १९६९ मध्ये त्या एक नंबरच्या कंपनीने सॉफ्टवेअरची किंमत मशीनपासून वेगळी लावायचं जाहीर केलं. तोवर प्रोग्राम मशीनबरोबर यायचे, वेगळं काय विकत घ्यायचं हा प्रश्न फारसा नव्हता. आता सॉफ्टवेअर ही बजेटमधली स्वतंत्र ओळ झाली, म्हणजे तिला मंजुरी देणारे आणि अडवणारेही आले.

आणि इथेच दोन वाटा फुटल्या असं मला वाटतं. १९७२ मध्ये पोझिशनिंगवरची लेखमाला जाहिरात क्षेत्राच्या साप्ताहिकात आली, ती घराघरातल्या ब्रँडपर्यंत पोचली, आणि ‘ग्राहकाच्या डोक्यात जागा मिळवा’ हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी बसलं. ग्राहक एक, डोकं एक. त्याच वर्षी कंपन्यांच्या खरेदीवर काम करणाऱ्या अभ्यासकांनी मात्र खरेदी करणाऱ्या गटातल्या पाच भूमिका मांडल्या: वापरणारा, मत बनवणारा, व्यवहार करणारा, निर्णय घेणारा आणि माहिती आत येऊ द्यायची की नाही हे ठरवणारा द्वारपाल. पाच भूमिका, पाच भीत्या. हे दोन विचार एकमेकांना भेटायला पाहिजे होते पण कित्येक वर्षं भेटलेच नाहीत, एक जाहिरातवाल्यांकडे राहिला आणि दुसरा कॉलेजच्या पुस्तकात.

प्रत्यक्ष बाजारात कमिटीसाठीचं पोझिशनिंग तेव्हाही चालूच होतं, फक्त त्याला ते नाव नव्हतं. अमुक कंपनीचं मशीन घेतलं म्हणून कुणाची नोकरी गेली नाही, ही म्हण त्याच काळातली. त्यात मशीन चांगलं आहे असं कुठेच म्हटलेलं नाही, सही करणाऱ्याला झोप लागेल एवढंच म्हटलंय.

१९९१ मध्ये एक साचा आला जो आजही प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीच्या स्लाइडमध्ये सापडतो: अमुक ग्राहकासाठी, ज्यांना अमुक अडचण आहे, आमचं प्रॉडक्ट हे अमुक कॅटेगरीतलं आहे, आणि तमुकपेक्षा वेगळं कारण असं असं. या साच्यात सगळ्यात कमी वेळ ज्या शब्दावर दिला जातो तो म्हणजे मधली ‘कॅटेगरी’, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

२०१०च्या दशकात ‘स्वतःची कॅटेगरी तयार करा’ ही फॅशन जोरात आली. युक्तिवाद असा की जो कॅटेगरीला नाव देतो तोच तिचा राजा होतो, बाकीचे उरलंसुरलं वाटून घेतात. गुंतवणूकदारांना हे आवडलं, संस्थापकांना तर आवडणारच. आणि दाखला म्हणून हमखास त्या कंपनीचं नाव घ्यायचे जिने २००० साली ‘सॉफ्टवेअर नको’ असं म्हणत प्रतिस्पर्ध्याच्या परिषदेबाहेर चक्क खोटं आंदोलन घडवून आणलं होतं. पण तो दाखला नीट बघितला तर उलटंच दिसतं. सेल्स टीमने ग्राहकांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर ही कॅटेगरी आधीच होती, तिचं नाव त्यांनी बदललं नाही, बजेटची ओळ तीच राहिली. बदलली ती पोचवायची पद्धत, म्हणजे ब्राउझरमधून आणि महिन्याच्या भाड्याने. शिवाय सुरुवातीला ते छोट्या टीमना माणशी भाड्याने विकत होते, तिथे कमिटीपर्यंत जायची गरजच नसायची. म्हणजे ज्या उदाहरणावर कमिटीला विकणाऱ्या कंपन्यांनी नवी कॅटेगरी काढायचं धाडस केलं, त्या उदाहरणात ना नवी कॅटेगरी होती ना कमिटी.

हे कमिटीत का बिघडतं ते एका रचलेल्या केसवरून बघू. समजा एक छोटी कंपनी आहे, तिचं सॉफ्टवेअर पुरवठादाराचं बिल आलं की ते खरेदी ऑर्डरशी आणि माल मिळाल्याच्या पावतीशी जुळवून बघतं, फरक असेल तर पैसे सुटायच्या आधी थांबवतं. चांगलं, कामाचं प्रॉडक्ट. मार्केटिंगने ठरवलं की ‘बिल जुळवणी’ फार साधं वाटतं, म्हणून नाव दिलं ‘पेमेंट ट्रस्ट प्लॅटफॉर्म’. डेमो अकाउंट्स विभागाच्या मॅनेजरला आवडला आणि तिने प्रस्ताव पुढे पाठवला.

आता प्रस्ताव फिरतो कसा ते बघा. खरेदी विभागाला नियमाप्रमाणे तीन तुलना करता येतील अशा किमती हव्यात, पण ‘पेमेंट ट्रस्ट प्लॅटफॉर्म’ विकणारं दुसरं कुणी नाहीच, मग एकतर ‘एकच पुरवठादार का’ याचं लेखी समर्थन द्यायचं, जे ऑडिटला नेहमी खटकतं, नाहीतर जवळपासचं काहीतरी तुलनेला घ्यायचं. त्यांनी पैसे पाठवणाऱ्या दोन कंपन्या घेतल्या, ज्यांचा याच्याशी काही संबंध नाही. सिक्युरिटीवाल्यांनी नावात पेमेंट बघून कार्डचा डेटा हाताळणाऱ्यांसाठीची लांबलचक प्रश्नावली पाठवली, खरं तर या सॉफ्टवेअरमधून एक पैसाही सरकत नाही. लीगलने विचारलं की पेमेंटचं लायसन्स आहे का. आयटीने विचारलं की हे आपल्या ईआरपीमध्ये, म्हणजे कंपनीचे हिशेब, खरेदी आणि साठा एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, नाहीये का आधीच. प्रत्येक प्रश्नाला उत्तर आहे, पण प्रत्येक उत्तराला दोन-तीन आठवडे जातात आणि तोवर वर्षाचं बजेट बंद होतं. कुणीही ‘नाही’ म्हटलं नाही, प्रतिस्पर्धी जिंकला नाही, फाइल नुसती पडून राहिली. सेल्सच्या नोंदीत ‘ग्राहकाने निर्णय पुढे ढकलला’ असं लिहिलं जातं आणि कुणाला कळतच नाही की हे पोझिशनिंगचं नुकसान आहे.

तेच प्रॉडक्ट ‘अकाउंट्स पेएबल ऑटोमेशन’, म्हणजे पुरवठादारांची बिलं हाताळायचं काम आपोआप करणारं सॉफ्टवेअर, या ओळखीच्या कॅटेगरीत ठेवलं, आणि पुढे एकच वेगळेपण जोडलं, ‘तुमचा ईआरपी न बदलता’, तर काय होतं? खरेदीला दोन तुलना लगेच मिळतात. आयटीचा ईआरपीचा प्रश्न वाक्यातच अर्धा मिटतो. सिक्युरिटीला कळतं की इथे बिलांचा डेटा आहे, पैशांची हालचाल नाही, आणि योग्य प्रश्नावली येते. मॅनेजरला तिच्या नोटमध्ये आपलं वाक्य जसंच्या तसं टाकता येतं. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण निर्णयाच्या बैठकीत विकणारा नसतोच, तिथे फक्त त्या नोटमधलं वाक्य असतं.

अर्थात ओळखीच्या कॅटेगरीचीही किंमत मोजावी लागते आणि नव्या कॅटेगरीवाले हे बरोबर सांगतात. तुलना आली की गुणांचा तक्ता आला. समजा १०० पैकी फीचर्सना ४०, सिक्युरिटीला २०, पुरवठादाराच्या स्थैर्याला १५ आणि किमतीला २५. फीचर्सच्या यादीत मोठी कंपनी सगळीकडे टिकमार्क करते, स्थैर्यात तुमच्याकडे मोठा ताळेबंद नाही, मग उरतं काय, किंमत. तिथे छोटी कंपनी स्वतःला कापत सुटते. यावरचा उपाय कॅटेगरी सोडणं नाही, तक्ता बनायच्या आधी पोचणं हा आहे. ‘ईआरपी न बदलता’ हे वेगळेपण मॅनेजरच्या गरजांच्या यादीत आधीच गेलं असेल तर ४० मधले काही गुण त्यासाठी राखले जातात आणि मोठ्या कंपनीला तिथे उत्तर द्यावं लागतं. यादी छापून हातात आल्यावर जो पोझिशनिंग बदलायला जातो त्याला बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

सिक्युरिटीचे २० आणि स्थैर्याचे १५ गुण हा वेगळा विषय आहे आणि गेल्या काही वर्षांत तोच फुगत चाललाय. पाच भूमिकांच्या जुन्या मॉडेलमध्ये द्वारपाल म्हणजे साधारण खरेदी विभागाचा माणूस किंवा साहेबांचा सेक्रेटरी. आज द्वारपाल म्हणजे सिक्युरिटी आणि प्रायव्हसीवाले. २०१८च्या मे महिन्यात युरोपचा डेटा संरक्षण कायदा लागू झाला, त्यानंतर पुरवठादाराकडे डेटा जातो कुठे हा प्रश्न लीगलच्या टेबलावर कायमचा आला. मग २०२०च्या डिसेंबरमध्ये उघड झालं की नेटवर्क सांभाळणाऱ्या एका नामांकित सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधूनच घुसखोरी झाली होती, आणि ते सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांत सरकारी खाती आणि मोठमोठ्या कंपन्या होत्या. मोठ्या, नावाजलेल्या पुरवठादाराकडून घेतलं की सुरक्षित, या जुन्या म्हणीला तिथे तडा गेला. २०२१च्या मेमध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला, त्यानंतर सॉफ्टवेअरच्या आत कुठकुठले घटक आहेत त्याची यादी मागायची पद्धत सरकारी खरेदीतून बाहेरही पसरायला लागली.

याचा पोझिशनिंगशी संबंध असा की छोट्या कंपनीला पहिल्यांदाच मोठ्यांच्या बरोबरीने बोलायला जागा मिळाली. ‘आम्ही विश्वासार्ह आहोत’ असं लिहून कमिटी हलत नाही, ते सगळेच लिहितात. पण तिसऱ्या पक्षाचा ऑडिट रिपोर्ट, घटकांची यादी, कंपनी बुडाली तर ग्राहकाला सोर्स कोड मिळेल अशी एस्क्रो व्यवस्था, आणि करार संपल्यावर डेटा कुठल्या फॉरमॅटमध्ये किती दिवसांत परत मिळेल याचं एक पान, हे सगळं पहिल्या भेटीतच दिलं की सिक्युरिटीवाल्याला स्वतःच्या बळावर ‘हरकत नाही’ लिहिता येतं. बऱ्याच कंपन्या हे कागद मागितल्यावरच देतात, शरमल्यासारखे, जणू ‘आम्ही बुडालो तर’ हे बोलणं अशुभ आहे. पण कमिटीतला कुणीतरी ते मनात बोलतच असतो.

पोझिशनिंग जागेवर बसलंय की नाही हे ओळखायचं तर वेबसाइटच्या भेटी मोजून फार कळत नाही. दोन ठिकाणी बघावं. एक, हरलेल्या सौद्यांत प्रतिस्पर्ध्याकडे गेलेले वेगळे काढा आणि कुठेच न गेलेले वेगळे काढा. दुसरा ढीग मोठा असेल तर फीचर्स वाढवून उपयोग नाही, तिथे कमिटीला तुम्हाला कुठल्या खान्यात टाकायचं तेच कळलेलं नाही. दोन, आपल्या बाजूच्या मॅनेजरला विचारा की अंतर्गत नोटमध्ये आमचं वर्णन काय लिहिलंत. चार ग्राहकांनी चार वेगवेगळ्या कॅटेगरी लिहिल्या असतील तर वाक्य अजून तयार नाही. चौघांनी एकच लिहिली पण ती तुमच्या वेबसाइटवर नाही, तर वेबसाइट बदलायला हरकत नाही.

हा वाद सौदा झाला की संपत नाही, रिन्यूअलच्या वेळी परत उगवतो. भाड्याच्या सॉफ्टवेअरचा करार दर वर्षी नाहीतर दोन-तीन वर्षांनी कमिटीपुढे येतो आणि तोवर प्रस्ताव पाठवणारी मॅनेजर बऱ्याचदा दुसरीकडे गेलेली असते. खर्च कमी करायला बसलेला नवा फायनान्सवाला फाइल उघडतो तेव्हा त्याच्यासमोर एक रक्कम आणि एक ओळ असते. ओळीत ‘पेमेंट ट्रस्ट प्लॅटफॉर्म’ असेल तर तो आधी विचारणार की हे नेमकं करतं काय. ‘अकाउंट्स पेएबल ऑटोमेशन’ असेल तर विचारणार की हे बंद केलं तर बिलं जुळवणार कोण, आणि त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अकाउंट्स विभाग स्वतःच देतो.