सोल्स गेम्समधला 'रोल' आणि बिल्डचं गणित

शत्रूचा वार येतो त्या क्षणी लोळण घेतली, तर तलवार अंगातून आरपार जाते आणि इजा होत नाही. हे क्षण म्हणजे आयफ्रेम. फ्रॉमसॉफ्टवेअरच्या 'सोल्स' गेम्स अवघड असूनही अन्यायकारक का वाटत नाहीत, याचं उत्तर मला तरी या रोलच्या इतिहासात सापडतं. कारण जुने खेळाडू ज्या बिल्डवर, म्हणजे पात्राचे गुण, शस्त्रं आणि चिलखत यांच्या जुळणीवर, रात्र-रात्र वाद घालतात, तो सुरुवातीपासून याच रोलला, म्हणजे लोळणीला, बांधलेला आहे.

2009 साली जपानमध्ये हिदेताका मियाझाकी यांचा 'डीमन्स सोल्स' आला, तेव्हा हिशेब सोपा होता. उचलू शकता त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त वजन अंगावर घेतलं, की रोल जड आणि संथ.

'डार्क सोल्स'ने (2011) त्यात आणखी एक पायरी घातली. वजन उचलण्याच्या पाव क्षमतेपर्यंत चपळ रोल, निम्म्यापर्यंत मध्यम, त्यापुढे धपकन आपटणं. क्षमता म्हणजे 40 अधिक तुमचा एन्ड्युरन्स, म्हणजे पात्राच्या दमाचा आकडा. आता हॅवेलचं दगडी चिलखत घ्या. पूर्ण संचाचं वजन साधारण 50. एन्ड्युरन्स 40 वर नेला तरी क्षमता 80 आणि मध्यम रोलची मर्यादा 40, म्हणजे शस्त्र हातात घेण्याआधीच ती ओलांडली. हॅवेलची अंगठी घातली की क्षमता दीडपट, 120 होते. मर्यादा 60 वर जाते आणि तलवारीसाठी जेमतेम दहा उरतात. पण अंगठ्या घालायला बोटं दोनच, त्यातलं एक हिने अडवलं. काय कमावलं आणि काय सोडलं, हे आकड्यांत समोर दिसतं.

2014 च्या 'डार्क सोल्स 2'ने मात्र घोळ घातला. आयफ्रेमची संख्या 'ॲजिलिटी' नावाच्या आकड्यावर ठरू लागली आणि ती वाढवायची तर मुख्यतः 'ॲडॅप्टेबिलिटी' या गुणात लेव्हल वाढवून मिळणारे पॉइंट घालायचे. खेळातलं वर्णन इतकं मोघम, की वेळेवर लोळूनही मार बसला तर नवखा हिटबॉक्सला, म्हणजे वार कुठवर लागतो हे ठरवणाऱ्या अदृश्य चौकटीलाच दोष द्यायचा. अनुभवी मंडळी म्हणायची, आधी ॲजिलिटी 105 कर, मग बोल. माझ्या मते मालिकेतली ही एकमेव खरी अन्यायाची जागा. चूक झाली कुठे, हेच खेळाडूला कळत नव्हतं.

'डार्क सोल्स 3'ने (2016) ॲडॅप्टेबिलिटी काढून टाकली. वजन क्षमतेच्या 70 टक्क्यांखाली असेल तर आयफ्रेम सगळ्यांना सारखे. 30 टक्क्यांखाली रोल फक्त लांब जातो. 'एल्डन रिंग'मध्येही (2022) हलका, मध्यम आणि जड रोल 30 आणि 70 टक्क्यांच्या याच मर्यादांवर वेगळे होतात.

पात्राची लेव्हल न वाढवता, पहिल्या लेव्हलवरच गेम संपवणाऱ्यांना तिसऱ्या भागात निदान रोल तरी इतरांसारखाच मिळतो. दुसऱ्या भागात त्यांच्याकडे घालायला पॉइंटच नसतात. ॲडॅप्टेबिलिटी 6 वरच राहते. तरीही त्या तुटपुंज्या आयफ्रेमवर बॉस पाडणारे आहेत.